मशीन भरलेलं, बेंच रिकामं: ओव्हरहेडची कमी वसुली कोटेशनबद्दल काय सांगते

ऑर्डरप्रमाणे एकेक जॉब करून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये एक गोष्ट वारंवार घडते. वर्षभर प्रत्येक जॉब कार्डावर नफा दिसतो, आणि वर्षअखेरीस ताळेबंद मांडला की तो नफा सापडत नाही. कुणी पैसे बुडवलेले नसतात, माल चोरीला गेलेला नसतो. शोधत गेलं की हिशेबात एक ओळ सापडते: ओव्हरहेड झाला इतका, जॉबवर चढवला तितका, आणि मधली रक्कम ‘कमी वसूल’. बहुतेक ठिकाणी ही ओळ नफा-तोटा पत्रकात ढकलून फाईल बंद होते. पण त्या एका रकमेत दोन-तीन वेगवेगळी दुखणी एकत्र मिसळलेली असतात आणि त्यातलं एक थेट तुमच्या कोटेशनमधलं असतं. ते वेगळं कसं काढायचं, हा या लेखाचा विषय.

आधी मूळ गणित. स्टीलचा ठोकळा कुठल्या जॉबला लागला हे सांगता येतं, फिटरने किती तास काम केलं हेही लिहिता येतं. पण जागेचं भाडं, मशीनचा घसारा, विमा, सुपरवायझरचा पगार, कुलंट, कॉम्प्रेसरची वीज हे कुठल्या जॉबचं? ते सगळ्यांचं असतं, अशा खर्चालाच ओव्हरहेड म्हणतात, म्हणून ते काहीतरी माप धरून सगळ्यांवर चढवावं लागतं. हे वर्ष संपल्यावर करून भागत नाही, कारण कोटेशन आज द्यायचं असतं आणि विजेचं बिल नंतर येतं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला अंदाजे ओव्हरहेडला अंदाजे मापाने भागून दर काढून ठेवतात. माप म्हणजे मशीनचे तास, कामगारांचे तास, मजुरीचे रुपये किंवा मालाची किंमत. वर्षभर प्रत्येक जॉबवर त्या दराने ओव्हरहेड चढतो. चढवलेल्याची बेरीज खऱ्या खर्चापेक्षा कमी भरली तर ती कमी वसुली, जास्त भरली तर जादा वसुली.

आता एक वर्कशॉप डोळ्यांसमोर आणू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. दोन विभाग आहेत. मशीन विभागात पाच व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन, आणि फिटिंग विभागात सात फिटर, बेंच, वेल्डिंग. मशीन विभागाचा वर्षाचा ओव्हरहेड ३६ लाख रुपये, फिटिंगचा ९ लाख, एकूण ४५ लाख. पाच मशीन एका पाळीत वर्षाला १२,००० तास उपलब्ध असतात. देखभाल, खोळंबा, ड्रॉइंगची वाट पाहणं हे वजा जाता ९,००० तास जॉबवर लागतील असं धरलं आहे. त्यासाठी ऑपरेटरचे ५,००० तास लागतात, कारण एक ऑपरेटर बहुधा दोन मशीन सांभाळतो. ऑपरेटरची मजुरी तासाला १२० रुपये. फिटर मिळून १५,००० तास, तासाला ८० रुपये. म्हणजे जॉबवर लागणारी मजुरी ६ लाख अधिक १२ लाख, एकूण १८ लाख.

मालकाने सोपा मार्ग घेतला: ४५ लाख भागिले १८ लाख. दर आला मजुरीच्या २५० टक्के. मजुरी १०० रुपये लागली की ओव्हरहेड २५० रुपये चढवायचा. हा दर एका ओळीत मावतो, एस्टिमेट करणाऱ्याच्या तोंडी बसतो, आणि मजुरी तर जॉब कार्डावर आधीच लिहिलेली असते. इतका सोयीचा दर सहसा कुणी सोडत नाही.

त्याच वर्कशॉपला दोन चौकश्या आल्या. पहिली, एका जाड फिक्स्चर प्लेटची: माल १२,००० रुपये, मशीनवर ३६ तास, ऑपरेटरचे २० तास, फिटरचे ५ तास. दुसरी, एका वेल्डेड फ्रेमची: माल २०,०००, मशीनवर ९ तास, ऑपरेटरचे ५ तास, फिटरचे ९० तास. एकदा २५० टक्क्यांनी आणि एकदा विभागवार दराने दोन्ही मांडून पाहू. विभागवार दर असे: मशीन विभागाचे ३६ लाख भागिले ९,००० मशीन तास म्हणजे तासाला ४०० रुपये, आणि फिटिंगचे ९ लाख भागिले १५,००० तास म्हणजे तासाला ६० रुपये.

| | फिक्स्चर प्लेट | वेल्डेड फ्रेम |
|---|---|---|
| माल | १२,००० | २०,००० |
| मजुरी | २,८०० | ७,८०० |
| ओव्हरहेड, मजुरीच्या २५० टक्के | ७,००० | १९,५०० |
| ओव्हरहेड, विभागवार दराने | १४,७०० | ९,००० |
| एकूण खर्च, सरसकट दराने | २१,८०० | ४७,३०० |
| एकूण खर्च, विभागवार दराने | २९,५०० | ३६,८०० |
| दिलेलं कोटेशन (सरसकट खर्चावर २० टक्के) | २६,१६० | ५६,७६० |

प्लेटचं कोटेशन २६,१६० रुपयांचं गेलं, आणि विभागवार पाहिलं तर तिचा खर्चच २९,५०० आहे. जॉब कार्डावर मात्र ४,३६० रुपये नफा लिहिलेला आहे. फ्रेमच्या बाबतीत उलट: ३६,८०० खर्चाच्या कामाला ५६,७६० मागितले.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. तो तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतो. प्लेटच्या बाबतीत हे वर्कशॉप इतरांपेक्षा स्वस्त पडतं, ऑर्डर मिळते. फ्रेमच्या बाबतीत महाग पडतं, ऑर्डर दुसरीकडे जाते. कोटेशनच चाळणी लावतं: तोट्याची कामं आत येतात आणि नफ्याची बाहेर जातात. हे होताना वर्कशॉपमध्ये कुणालाही काही चुकतंय असं वाटत नाही, उलट मशीन विभाग भरलेला असल्याने धंदा जोरात आहे असंच वाटतं.

वर्ष संपल्यावर आकडे असे आले. मशीन ९,३६० तास चालली, म्हणजे अंदाजापेक्षा जास्त. ऑपरेटरची मजुरी ६,२४,००० रुपये. फिटरचे मात्र १०,००० तासच जॉबवर लागले, मजुरी ८ लाख. एकूण मजुरी १४,२४,०००, तिच्या २५० टक्के म्हणजे ३५,६०,००० रुपये ओव्हरहेड जॉबवर चढला. खरा ओव्हरहेड मात्र ५० लाख झाला. मशीन विभागाचा ३७ लाख (जास्तीचे तास आणि एका स्पिंडलची दुरुस्ती), फिटिंगचा ९ लाख, आणि वर ४ लाख. हे ४ लाख कुठून आले ते नीट पाहा. फिटर महिना पगारावर आहेत. ५,००० तास त्यांना काम नव्हतं, पण पगार द्यावाच लागला. जॉबवर न लिहिता आलेली मजुरी ओव्हरहेडमध्ये जाऊन बसली. म्हणजे मोकळा फिटर दोन बाजूंनी नुकसान करतो: वसुलीचं माप कमी करतो आणि वसूल करायची रक्कम वाढवतो.

कमी वसुली झाली १४,४०,००० रुपये. हिशेबनीस मालकाला सांगतो, ‘ओव्हरहेड वाढलाय, पुढच्या वर्षी दर २५० वरून ३५१ टक्के करा.’ गणित बरोबर आहे, ५० लाख भागिले १४.२४ लाख. सल्ला मात्र घातक आहे. ३५१ टक्क्यांनी उरलीसुरली फिटिंगची कामंही जातील, आणि प्लेटचा खर्च तरीही २४,६०० च्या आसपासच दिसेल, म्हणजे अजूनही खऱ्यापेक्षा कमी.

म्हणून आधी या १४,४०,००० चे तुकडे पाडायचे. त्यासाठी वर्षभराची कामं विभागवार दराने पुन्हा एकदा मांडायची. मशीन विभाग: ९,३६० तास गुणिले ४०० म्हणजे ३७,४४,०००. फिटिंग: १०,००० गुणिले ६० म्हणजे ६,००,०००. एकूण ४३,४४,०००. म्हणजे दर विभागवार असता तरी ६,५६,००० रुपये कमी वसूल झालेच असते. या ६,५६,००० मध्ये १ लाख मशीन विभागात जास्त झालेला खर्च, ४ लाख मोकळ्या फिटरांचा पगार आणि १,५६,००० तासांच्या चढउताराचे. शेवटचा आकडा असा येतो: फिटिंगचे ५,००० तास कमी, तासाला ६० प्रमाणे ३ लाख तूट, मशीनचे ३६० तास जास्त, तासाला ४०० प्रमाणे १,४४,००० भरपाई.

उरलेले ७,८४,००० रुपये मात्र खर्च वाढल्याचेही नाहीत आणि तास कमी पडल्याचेही नाहीत. ते चुकीच्या मापाचे आहेत. १४,४०,००० पैकी कोटेशनकडे थेट बोट दाखवणारी रक्कम ती हीच. तिच्या आत शिरून पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. सरसकट दराने मशीनच्या कामावर १५,६०,००० चढले, चढायला हवे होते ३७,४४,०००, म्हणजे २१,८४,००० कमी. फिटिंगच्या कामावर २० लाख चढले, हवे होते ६ लाख, म्हणजे १४ लाख जास्त. या दोन्हींची वजाबाकी ७,८४,०००.

आता हेच वर्षाच्या सुरुवातीच्या अंदाजावर लावून बघा. मशीनची मजुरी ६ लाख, तिच्यावर १५ लाख चढणार, हवे होते ३६ लाख: २१ लाख कमी. फिटिंगची मजुरी १२ लाख, तिच्यावर ३० लाख चढणार, हवे होते ९ लाख: २१ लाख जास्त. बेरीज शून्य. कामाचं मिश्रण अंदाजाप्रमाणे राहिलं असतं तर कमी वसुली एक रुपयाचीही दिसली नसती, आणि तरीही प्रत्येक कोटेशन चुकलेलंच असतं. फिटिंगची गिऱ्हाइकं मशीनच्या गिऱ्हाइकांचे २१ लाख भरत होती, इतकंच. ती गिऱ्हाइकं हळूहळू निघून गेली तेव्हा खड्डा उघडा पडला. म्हणून ‘आमच्याकडे कमी वसुली होत नाही’ हे वाक्य ऐकलं की लगेच निश्चिंत होऊ नये. कमी वसुली शून्य असणं म्हणजे कोटेशन बरोबर असणं नव्हे. चुका एकमेकींना झाकत आहेत एवढंही असू शकतं.

मग माप निवडायचं कसं? ज्या गोष्टीमुळे त्या विभागात खर्च उभा राहतो ते माप. व्हीएमसी विभागात खर्च मशीन असल्यामुळे होतो, तिथे मशीन तास. बेंचवर खर्च माणूस उभा राहतो म्हणून होतो, तिथे माणसाचे तास. मजुरीचे रुपये हे माप सगळ्यांचे पगार सारखे असतील तिथेच ठीक चालतं. नाही तर असं होतं: तासाला १६० घेणाऱ्या जुन्या फिटरने काम १० तासांत संपवलं, ८० घेणाऱ्या नव्याने तेच २० तासांत. मजुरी दोन्हीकडे १,६०० रुपये, त्यामुळे ओव्हरहेडही सारखाच, पण बेंच, दिवे आणि सुपरवायझर दुसऱ्या कामाने दुप्पट वेळ अडवले. मालाच्या किमतीवर टक्केवारी तर शक्यतो लावूच नये. तीच प्लेट मऊ स्टीलऐवजी पितळेची असेल तर माल महाग, आणि मशीनवर वेळ मात्र बऱ्याचदा कमीच. खर्च उलट दिशेला चढतो.

विभागवार वाटणी नेमकी कशी करायची यावर लोक अडून बसतात. घसारा ज्या त्या मशीनचा, भाडं जागेच्या प्रमाणात, वीज जोडलेला भार आणि चाललेले तास यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात, सुपरवायझर माणसांच्या प्रमाणात, एवढ्यावर काम भागतं. कॉम्प्रेसरची हवा कुणी किती वापरली यावर आठवडा घालवू नये. समजा वाटणीत तब्बल ३ लाख चुकले आणि मशीनचे ३६ ऐवजी ३३, फिटिंगचे ९ ऐवजी १२ धरले. मशीनचा दर सुमारे ३६७ होईल, फिटिंगचा ८०. प्लेटवरचा ओव्हरहेड १४,७०० ऐवजी १३,६०० येईल. सरसकट दराच्या ७,००० च्या मानाने तो अजूनही जवळजवळ दुप्पट आहे. एक अडचण मात्र खरी आहे: एकाच विभागात नवी महागडी मशीन आणि घसारा संपलेलं जुनं ड्रिलिंग मशीन शेजारी शेजारी असेल आणि दोघांना एकच दर लावला, तर हाच खेळ छोट्या प्रमाणात पुन्हा सुरू होतो. तिथे मशीनवार दर काढावा.

तासांची नोंद फसवते तेव्हा

माप बरोबर निवडलं तरी आकडा फसवू शकतो. दोन जागा नेहमीच्या.

पहिली सेटिंगची. ९,००० तासांचा अंदाज करताना जॉब बांधणं, शून्य धरणं, टूल बदलणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. पण जॉब कार्डावर ऑपरेटर फक्त कटिंगचा वेळ लिहितो, कारण त्याच्या मते काम म्हणजे चिप उडणं. एका नगाच्या जॉबला सेटिंग ३ तास आणि कटिंग २ तास असेल तर ५ ऐवजी २ तासच चढतात आणि तासाला ४०० प्रमाणे १,२०० रुपये हवेत राहतात. वर्षअखेरीस मोठी कमी वसुली दिसते आणि सगळे ‘मशीन रिकामी राहिली’ म्हणतात. ती रिकामी नव्हती, तिच्या तासांची नोंद झाली नाही. कसं ओळखायचं? मशीनच्या तासमीटरचं वर्षभराचं वाचन आणि जॉब कार्डांवरच्या तासांची बेरीज शेजारी ठेवा. त्यासाठी मीटर काय मोजतो हे आधी बघायचं, कारण काही मीटर पॉवर चालू असल्याचा वेळ मोजतात, काही सायकलचा, म्हणजे प्रत्यक्ष कटिंग चालू असल्याचा. पॉवरचा मीटर कार्डांपेक्षा बराच पुढे असेल तर प्रश्न बहुधा नोंदीचा आहे. कार्डांची बेरीज सायकलच्या मीटरशी तंतोतंत जुळत असेल तर मात्र आनंद मानू नका. याचा अर्थ सेटिंग कुणीच लिहीत नाही.

दुसरी जागा जास्त फसवी. कोटेशनमध्ये प्लेटला मशीनचे ३६ तास धरले, प्रत्यक्षात ४४ लागले. ओव्हरहेड प्रत्यक्ष तासांवर चढवत असाल तर ४४ गुणिले ४०० चढले, वसुलीच्या खात्यात सगळं ठाकठीक. तोटा त्या जॉबच्या नफ्यात आला, कमी वसुलीत तो दिसलाच नाही. हाच जॉब कोटेशनमधल्या तासांवर चढवत असाल तर ८ तासांचे ३,२०० रुपये कमी वसुलीत जाऊन बसतात आणि जॉब मात्र कार्डावर फायद्यात दिसतो. म्हणजे एस्टिमेटची एकच चूक, पण ती कुठल्या खात्यात उगवेल हे तुमच्या नोंदीच्या पद्धतीवर ठरतं. आपल्याकडे कुठले तास चढतात हे माहीत नसेल तर कमी वसुलीच्या आकड्याचा अर्थ लावायला बसू नये. प्रत्यक्ष तासांवर चढवावं, आणि कोटेशनचे तास व प्रत्यक्ष तास यांतला फरक कार्डावरच वेगळ्या रकान्यात लिहावा. दर चुकला की तास चुकले हे मग गोंधळत नाही.

कोटेशनच्या रजिस्टरमध्ये शोधायचं कसं

मापाची चूक कोटेशनमध्ये खरोखर उतरली का, हे वर्षअखेरच्या हिशेबापेक्षा कोटेशनच्या रजिस्टरवरून जास्त खात्रीने कळतं. मागच्या वर्षातली मिळालेली आणि हुकलेली, दोन्ही कोटेशन्स घ्या. हुकलेली फेकून दिली असतील तर ही तपासणी होत नाही, म्हणून ती जपायची सवय लावावी. प्रत्येकाचा खर्च विभागवार दराने नव्याने मांडा आणि दिलेल्या किमतीला त्या खर्चाने भागा. प्लेटचं उत्तर येतं ०.८९, फ्रेमचं १.५४. जर सगळ्या कोटेशनमध्ये २० टक्केच लावले असतील आणि माप बरोबर असेल, तर उत्तरं १.२० च्या आजूबाजूला दाटलेली असली पाहिजेत.

आता मिळालेल्यांचा आणि हुकलेल्यांचा वेगळा ढीग करा. मिळालेल्यांची उत्तरं एकच्या आसपास किंवा खाली आणि हुकलेल्यांची दीडच्या दिशेने असतील, तर दर चाळणी लावतोय हे पक्कं. दोन्ही ढिगांत उत्तरं सारखीच १.२० च्या आजूबाजूला दाटलेली असतील तर माप निर्दोष आहे. कामं हुकण्याचं कारण मुदत, दर्जा किंवा सरळ बाजारातली मंदी असेल, आणि कमी वसुली तासांमुळे आली असेल. थोडी शंका आली तर आणखी एक खूण बघावी: मिळालेल्या ढिगात दर १०० मशीन तासांमागे फिटरचे किती तास आहेत आणि हुकलेल्यात किती. आपल्या उदाहरणात अंदाजाप्रमाणे ते १६७ असायला हवे होते, प्रत्यक्ष वर्षात ते १०७ वर आले. मिश्रण असं एका बाजूला झुकणं हे सहसा योगायोगाने होत नाही.

रिकाम्या बेंचचे पैसे कुणी द्यायचे

माप सुधारलं, आता मशीन ४०० आणि फिटिंग ६०. पण थांबा, फिटिंगचा दर ६० ठेवायचा की प्रत्यक्ष १०,००० तासांवर नव्याने काढायचा? नव्याने काढला तर ९ लाख अधिक मोकळ्या फिटरांचे ४ लाख, भागिले १०,०००, म्हणजे १३० रुपये. फ्रेमचा खर्च ३६,८०० वरून ४३,१०० होतो. या दराने आणखी काही फ्रेम हुकल्या की तास ८,००० होतात, मोकळा पगार वाढतो, दर आणखी चढतो. प्रत्येक वेळी गणित बरोबर आणि प्रत्येक वेळी कामं कमी. वर्कशॉपचा एखादा चांगला विभाग असा हिशेबाच्या वहीतच बंद पडतो.

म्हणून भागायचे तास ‘यंदा किती लागले’ हे नसावेत. साधारण परिस्थितीत, काही वर्षांच्या सरासरीने, ठरलेली देखभाल वजा जाता विभाग जितके काम करू शकतो ते असावेत. याला सर्वसाधारण क्षमता म्हणतात. मालसाठ्याच्या मूल्यांकनासाठी आंतरराष्ट्रीय लेखा मानक आयएएस २ हेच सांगतं: स्थिर उत्पादन ओव्हरहेड सर्वसाधारण क्षमतेवर वाटायचा, आणि काम कमी झाल्यामुळे न वाटला गेलेला भाग त्याच काळाचा खर्च म्हणून दाखवायचा, साठ्यात घुसवायचा नाही. ते मानक ताळेबंदासाठी आहे, कोटेशन कसं द्यावं हे ते सांगत नाही. पण त्यामागचा विचार कोटेशनलाही लागू पडतो. पुढच्या वर्षीच्या गिऱ्हाइकाने यंदाच्या रिकाम्या बेंचचं भाडं भरण्याचं कारण नाही, आणि तुम्ही मागितलं तर तो देणारही नाही.

आपल्या वर्कशॉपमध्ये फिटिंग विभागाचे ७ लाख (१३ लाख झाले, ६ लाख चढले) ‘रिकामी क्षमता’ अशा नावाने वेगळ्या ओळीत मालकासमोर ठेवायचे. तीन वर्षं ती ओळ तशीच राहिली तर १५,००० तास ही सर्वसाधारण क्षमता धरणंच चुकीचं होतं. मग माणसं दुसऱ्या कामाला वळवायची, जागा सोडायची, आणि त्यानंतर दर नव्याने काढायचा. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी क्षमता कमी होते, खर्च कमी होतो, मग दर बदलतो.

७,८४,००० चा तुकडा मात्र वेगळ्या वागणुकीचा. तो रिकामेपणाचा नसून चुकीच्या दराचा आहे, म्हणून वर्षअखेरीस अर्धवट राहिलेल्या आणि तयार पडून असलेल्या जॉबवरचा ओव्हरहेड विभागवार दराने दुरुस्त करून घ्यावा. डिलिव्हरी झालेल्या जॉबचं जे नुकसान झालं ते झालं. पण चालू जॉबपैकी फिक्स्चर प्लेटसारखे किती आहेत आणि त्यांच्या दरावर पुन्हा बोलायची संधी करारात आहे का, एवढं त्याच दिवशी बघून घ्यावं.

बेंच रिकामा असेपर्यंत फिटिंगचं काम पूर्ण दराच्या खाली घ्यायला हरकत नाही, फक्त खालची रेषा माहीत असावी. फिटरचा पगार तसाही जाणार आहे, भाडंही जाणार आहे. फ्रेमसाठी खिशातून नव्याने जाणारे पैसे म्हणजे २०,००० चा माल, वेल्डिंगची वायर-गॅस, आणि मशीनवरचे ९ तास. यातले मशीनचे तास फुकट धरायचे नाहीत, कारण मशीन विभाग भरलेला आहे. ते ९ तास फ्रेमला दिले की दुसऱ्या कामातून तासाला ४०० आणि वर नफा मिळायचा तो गेला. या सगळ्याच्या वर जे मिळेल तेवढी रिकाम्या बेंचच्या ७ लाखांची भरपाई होते. असं दिलेलं कोटेशन रजिस्टरमध्ये वेगळ्या शाईने लिहावं, नाही तर पुढच्या वर्षी एस्टिमेट करणारा तीच किंमत ‘मागच्या वेळचा दर’ म्हणून उचलतो, आणि तोवर बेंच भरलेला असतो.